क्लिकदर, रूपांतरणदर आणि प्रति-ग्राहक खर्च

ऑनलाइन जाहिरातीचा हिशोब ज्या तीन आकड्यांवर चालतो ते हे आकडे. जाहिरात शंभर वेळा दिसली तर किती वेळा तिच्यावर क्लिक झाले, हा क्लिकदर. क्लिक करून आलेल्या शंभर जणांपैकी किती जणांनी खरेदी, आरक्षण किंवा नोंदणी केली, हा रूपांतरणदर. आणि एक ग्राहक मिळवायला सरासरी किती रुपये गेले, तो प्रति-ग्राहक खर्च. या धंद्यातली माणसे यांना सीटीआर, कन्व्हर्जन रेट आणि सीपीए म्हणतात. तिन्ही आकडे पडद्यावर शेजारीशेजारी वेगळ्या रकान्यांत दिसतात, त्यामुळे ते सुटेसुटे सुधारता येतील असा समज होतो. प्रत्यक्षात ते एकाच गुणाकाराचे भाग आहेत :

```
सीपीए = एकूण खर्च ÷ (इम्प्रेशन × क्लिकदर × रूपांतरणदर)
```

यात इम्प्रेशन म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली ती संख्या. सूत्र पाहून वाटते की क्लिकदर दुप्पट केला की सीपीए निम्मा होईल. रूपांतरणदर जागच्या जागी राहिला तर तसे होईलही. पण तो सहसा राहत नाही, कारण जाहिरात बदलली की क्लिक करणारी माणसे बदलतात.

गोव्यातले एक कल्पित उदाहरण घेऊ. सत्तरीत वाळपईच्या आसपास, कुळागराला लागून एक होमस्टे आहे. पावसाळ्यात पुणे, कोल्हापूर आणि चोर्ला घाटातून येणारे बेळगावचे पाहुणे हे त्याचे मुख्य गिऱ्हाईक. एका रात्रीचे दोघांचे ₹3,200, किमान दोन रात्री, समुद्र तासाभराहून लांब. मालकाने समाजमाध्यमावर ₹20,000 ची जाहिरात केली. हजार इम्प्रेशनना ₹200 या दराने ती 1,00,000 वेळा दिसली. क्लिकदर 1 टक्का, म्हणजे 1,000 क्लिक. त्यांपैकी 2 टक्क्यांनी आरक्षण केले, म्हणजे 20 आरक्षणे. सीपीए ₹1,000.

आता जाहिरात बदलली. कुळागराच्या जागी मावळत्या सूर्याचा किनारा आणि वर ठळक अक्षरांत ‘गोव्यात राहा, ₹999 पासून’. हा दर फक्त आठवड्याच्या मधल्या दिवसांत, एकट्या माणसाला, डॉर्मिटरीतल्या खाटेचा. क्लिकदर दुप्पट होऊन 2 टक्के झाला, त्याच पैशांत 2,000 क्लिक आले आणि एक क्लिक ₹20 वरून ₹10 वर आला. अहवाल झकास दिसतो. पण आलेल्यांना किनारा हवा होता आणि पानावर वाळपई होती. रूपांतरणदर 0.7 टक्क्यावर आला, आरक्षणे 14 आणि सीपीए सुमारे ₹1,430.

तिसरी जाहिरात उलट्या बाजूने केली. चित्र पावसातल्या कुळागराचे, मजकूर ‘सत्तरी, समुद्रापासून दूर, दोघांसाठी ₹3,200, किमान दोन रात्री’. क्लिकदर 0.7 टक्क्यावर घसरला. 700 क्लिक आले, प्रत्येक सुमारे ₹29 ला. मात्र आलेल्यांना भाव आणि जागा दोन्ही आधीच ठाऊक होते. रूपांतरणदर 4 टक्के झाला, आरक्षणे 28 आणि सीपीए सुमारे ₹714. क्लिक सर्वांत महाग पडलेल्या जाहिरातीत ग्राहक सर्वांत स्वस्त पडला. जाहिरातीत किंमत लिहिणे म्हणजे दारातच गाळणी बसवणे. गाळणी कुठेतरी बसतेच. ती क्लिकच्या आधी बसवायची की पैसे देऊन आत आणल्यावर, एवढाच प्रश्न असतो.

याचा अर्थ क्लिकदर कमी ठेवावा असा नाही. पाहायचा तो क्लिकदर आणि रूपांतरणदर यांचा गुणाकार. हजार इम्प्रेशनमागे पहिल्या जाहिरातीने 0.20, दुसरीने 0.14 आणि तिसरीने 0.28 आरक्षणे दिली. इम्प्रेशनचा दर तोच असेल तर सीपीएचा क्रम या एका आकड्यावरून लागतो.

पैसे कशाचे मोजले जातात यावर हे नाते थोडे बदलते. वरच्या उदाहरणात पैसे इम्प्रेशनचे होते. सर्च जाहिरातीत ते क्लिकचे असतात, आणि तिथे वरवर पाहता क्लिकदर हिशोबातून बाहेर पडतो : सीपीए म्हणजे एका क्लिकची किंमत भागिले रूपांतरणदर. एक क्लिक ₹20 ला असेल तर दुसऱ्या जाहिरातीचा सीपीए जवळजवळ ₹2,860 आणि तिसरीचा ₹500. चुकून आलेल्या प्रत्येक माणसाचे पैसे द्यावे लागतात, म्हणून भुलवणारी जाहिरात इथे जास्तच महागात पडते.

पण हे ₹20 स्थिर नसतात, आणि खरी मेख तिथे आहे. क्लिकवर बोली लावण्याची पद्धत 1998 मध्ये गोटू या अमेरिकन शोधसेवेने रूढ केली. तिथे ज्याची बोली जास्त त्याची जागा वर. गूगलने 2002 मध्ये क्लिकमागे पैसे घेणे सुरू केले, तेव्हा क्रम लावताना बोलीला क्लिकदराने गुणले. कारण उघड आहे. ₹40 ची बोली लावणाऱ्या जाहिरातीवर कोणी क्लिकच केले नाही तर ती जागा फुकट जाते. पुढे या हिशोबात जाहिरातीचा शोधाशी असलेला संबंध आणि पानाचा अनुभव यांचीही भर पडली, तरी अपेक्षित क्लिकदर हा त्यातला एक मुख्य घटक राहिला. म्हणून क्लिकदर 1 वरून 0.7 टक्क्यावर आला, तर तीच जागा टिकवायला, बाकी सर्व सारखे धरले तर, ₹20 ऐवजी सुमारे ₹29 मोजावे लागतात. हा तोच आकडा जो इम्प्रेशनच्या हिशोबात आला होता. क्लिकचे बिल आले तरी मंच आतून विकतो ती पडद्यावरची जागाच. त्यामुळे सर्च जाहिरातीतही शेवटी तोच गुणाकार कामाला येतो, फक्त थोडा उशिराने आणि थोडा अंधुक होऊन.

रूपांतरणदर वाढला की गोष्ट तिथे थांबत नाही. सीपीए उतरला म्हणून मालक अंदाजपत्रक वाढवतो किंवा बोली चढवतो. मग जाहिरात आधीपेक्षा कमी उत्सुक लोकांपर्यंत पोहोचते आणि दोन्ही दर हळूहळू खाली येतात. समजा खर्च ₹20,000 वरून ₹30,000 केला आणि आरक्षणे 28 वरून 35 झाली. सरासरी सीपीए ₹857, अजून पहिल्या जाहिरातीपेक्षा बराच बरा. पण वरच्या ₹10,000 मध्ये फक्त सात आरक्षणे आली. ती प्रत्येकी सुमारे ₹1,430 ला पडली. याच होमस्टेला बुकिंग संकेतस्थळ 15 टक्के दलाली घेत असेल तर दोन रात्रींच्या ₹6,400 वर ती ₹960 होते. म्हणजे ती सात आरक्षणे दलाली देऊन घेतली असती तर स्वस्त पडली असती. अहवालात सरासरी दिसते. पुढचा रुपया कुठे घालायचा हे ठरवायला या शेवटच्या आरक्षणांचा भाव काढावा लागतो, आणि तो आधीच्या व नंतरच्या आकड्यांची वजाबाकी करून हाताने काढणे उत्तम.

दुसरा गोंधळ ‘रूपांतरण’ कशाला म्हणायचे यात होतो. गोव्यातल्या लहान होमस्टेची आरक्षणे बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फोनवर ठरतात, त्यामुळे यंत्रणेत नोंद होते ती ‘विचारा’ हे बटण दाबल्याची. तिसऱ्या जाहिरातीचे 700 क्लिक धरू : 84 जणांनी विचारणा केली, त्यांतल्या एक तृतीयांशांनी म्हणजे 28 जणांनी आरक्षण केले. कोणी सुचवले की पानावरचे तारीख आणि माणसांची संख्या विचारणारे रकाने काढून टाका. विचारणा 126 झाल्या, रूपांतरणदर 12 वरून 18 टक्क्यांवर गेला, एका विचारणेचा खर्च ₹238 वरून ₹159 वर उतरला. आरक्षणे मात्र 28 च. फरक एवढाच की आता ‘रेट काय?’ एवढेच विचारून गप्प होणारे बेचाळीस जण जास्त झाले, आणि त्यांना उत्तरे देण्यात घरच्या माणसाचा वेळ जातो. त्याहून वाईट म्हणजे मंच आपोआप बोली लावत असेल तर तो बटण दाबणारी माणसेच शोधत सुटतो, कारण त्याला यश म्हणून तेच शिकवलेले असते. यावर उपाय आहे तो पक्क्या आरक्षणांची नोंद परत जाहिरात खात्यात भरण्याचा. तेवढे जमत नसेल तर पाहुण्यांच्या वहीत ‘कुठून कळले’ हा एक रकाना वाढवला तरी बराच अंदाज येतो.

आकडे छोटे असले की सुधारणा आणि योगायोग यांत फरक करणे कठीण जाते. 20 आणि 28 आरक्षणांतला फरक मोठा वाटतो, पण एवढ्या संख्येत नुसत्या नशिबानेही सात-आठ इकडेतिकडे सहज होतात. याउलट 14 आणि 28 मधला फरक योगायोगाने पडणे अवघड. क्लिक मात्र शेकड्यांनी येतात. 1,000 विरुद्ध 700 हा फरक दोन-चार दिवसांत ठाम दिसू लागतो. म्हणूनच जाहिरात सांभाळणाऱ्याचा ओढा क्लिकदराकडे असतो : तो लवकर बोलतो. आरक्षणे सावकाश येतात, आणि तोवर तिसरी जाहिरात ‘क्लिकदर पडला’ म्हणून बंद झालेली असते. लहान धंद्यात हा सर्वांत जास्त घडणारा तोटा असावा.

हंगामाचाही परिणाम होतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यालगतची हॉटेले जोरात बोली लावतात, इम्प्रेशन महागते. पण येणारा माणूस तारीख ठरवूनच शोधत असल्याने रूपांतरणदरही वर जातो. जूनमध्ये दोन्ही उतरतात. त्यामुळे डिसेंबरची जुनी जाहिरात आणि जूनची नवी जाहिरात यांची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच प्रकारच्या लोकांपुढे चालवाव्या लागतात. शिवाय मे महिन्यात क्लिक करून जुलैत आरक्षण करणारा पाहुणा हिशोबातून निसटतो. गूगलची मूळ मांडणी क्लिकनंतर 30 दिवसांपर्यंतचे आरक्षण जाहिरातीच्या नावे लिहिते, मेटाची सात दिवसांपर्यंतचे. एकाच पाहुण्याने दोन्हीकडे क्लिक केले तर दोन्ही अहवाल तो आपलाच म्हणतात. दोन्हींची बेरीज वहीतल्या आरक्षणांपेक्षा जास्त भरली, तर सीपीए वहीवरून काढावा : सगळीकडचा मिळून खर्च भागिले प्रत्यक्ष आलेली आरक्षणे.