लोगोनिवडीचा भारांक तक्ता

लोगोच्या अंतिम फेरीत तीन दिशा, म्हणजे तीन वेगवेगळ्या कल्पना, उरल्या आणि समितीचे एकमत होत नसेल, तर प्रत्येक दिशेला ठरलेल्या निकषांवर गुण देऊन, त्या गुणांना निकषाच्या महत्त्वाने गुणून बेरीज करण्याची पद्धत. निकषाच्या महत्त्वाच्या आकड्याला भारांक म्हणतात. सर्व भारांकांची बेरीज १०० ठेवतात आणि गुण १ ते ५ देतात, त्यामुळे कोणत्याही दिशेला जास्तीत जास्त ५०० मिळू शकतात. तक्ता विजेता सांगतो खरा, पण त्याचा मोठा उपयोग वेगळाच आहे. सभासदांचे नेमके कशावरून जमत नाही, तो एक चौकोन तो दाखवून देतो.

पुण्याच्या पेठांतल्या एखाद्या सहकारी पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. समितीत सात जण आहेत. दिशा अ म्हणजे संस्थेच्या नावाचे जाड वळणाचे आद्याक्षर. दिशा ब म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा, त्यावरच्या खिळ्यांसह. दिशा क म्हणजे गोल मुद्रा, मध्ये समई आणि कडेने संस्थेचे पूर्ण नाव. ज्येष्ठ संचालकांना क हवी आहे, तरुणांना अ, आणि बाकीचे ब कडे झुकलेले आहेत.

गुणांकनाआधी पात्रता तपासावी. भारताच्या राजचिन्हाशी साम्य असलेले चिन्ह २००५ च्या कायद्यानुसार विनापरवानगी वापरता येत नाही, आणि ट्रेडमार्कच्या वित्तीय सेवांसाठीच्या वर्ग ३६ मध्ये आपल्यासारखेच चिन्ह कोणी आधी नोंदवले असेल तर पुढे कटकट होते. ट्रेडमार्क नोंदणीतील शोध सर्वांना खुला आहे. या गोष्टींना गुण देऊ नयेत. जी दिशा इथे नापास होते, ती तक्त्यात येतच नाही.

भारांक ठरवताना लोगो टेबलावर नसावेत. प्रत्येकाने १०० गुण निकषांत वाटून चिठ्ठी द्यावी, प्रत्येक निकषाचा मध्यक काढावा आणि बेरीज पुन्हा १०० होईल असे थोडे इकडेतिकडे करून घ्यावे. लोगो पाहिल्यानंतर भारांक ठरवले, तर आवडीच्या लोगोला जे जमते तेच महत्त्वाचे वाटू लागते. निकष चार-पाचच पुरेत. ‘साधेपणा’ आणि ‘लहान आकारात ओळख’ असे दोन निकष ठेवले, तर एकच गुण दोनदा मोजला जातो. ‘मला आवडतो’ हा निकष तर अजिबात नको, कारण भांडण मिटवायचे आहे ते त्याच्यावरचेच.

या पतसंस्थेसाठी चार निकष ठरले: लहान आकारात ओळख ३०, एका रंगात छपाई २५, संस्थेच्या स्वभावाशी मेळ २५, इतर संस्थांपेक्षा वेगळेपणा २०. एका रंगाला इतके वजन का, हे पासबुक, ठेवीची पावती आणि रबरी शिक्का डोळ्यांसमोर आणले की कळते. नारायण पेठेतल्या छापखान्यात पावतीपुस्तक आजही बहुतेक वेळा एकाच रंगात निघते.

गुणांचे अर्थ आधी लिहून ठेवावेत. लहान आकारासाठी: फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल डीपीत, गप्पांच्या यादीत दिसतो तेवढाच असताना लगेच ओळखला तर ५, नीट निरखून ओळखला तर ३, नुसता ठिपका दिसला तर १. प्रत्येकाने गुण एकट्याने, न बोलता, कागदावर द्यावेत. अध्यक्षांनी तोंडाने आधी मत सांगितले की बाकीचे आकडे त्याच दिशेला सरकतात. आणखी एक शिस्त पाळावी: एक निकष घेऊन तिन्ही दिशांना गुण द्यावेत, मग पुढचा निकष घ्यावा. एकाच लोगोचे सगळे गुण सलग दिले तर पहिल्या पसंतीची छाया सगळ्या रांगेवर पडते. तिन्ही लोगो एकाच आकाराच्या कागदावर आणि काळ्या रंगातच दाखवावेत. एकाला दुकानाच्या पाटीवर बसवून दाखवले आणि दुसऱ्याला कोऱ्या पानावर, तर गुण पाटीला पडतात.

सात जणांच्या गुणांचे मध्यक असे आले:

| निकष | भारांक | अ | ब | क |
|---|---|---|---|---|
| लहान आकारात ओळख | ३० | ५ | ४ | १ |
| एका रंगात छपाई | २५ | ४ | ४ | ३ |
| स्वभावाशी मेळ | २५ | ३ | ३ | ५ |
| वेगळेपणा | २० | २ | ४ | ३ |
| एकूण | १०० | ३६५ | ३७५ | २९० |

स्प्रेडशीटमध्ये भारांक B स्तंभात आणि अ चे गुण C स्तंभात असतील, तर एकूण असे निघते:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$5,C2:C5)
```

क बाहेर पडते, आणि कारणही स्पष्ट आहे. देवनागरी नाव वर्तुळात बसवले की शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते, वरच्या मात्रा फाकतात, आणि डीपीच्या आकारात कडेला नुसती करवतीसारखी दातेरी रेघ उरते. तिच्यातला जिव्हाळा खरा आहे, म्हणून मेळाला ५ मिळाले. पण बेरजेत एका रकान्यातला १ दुसऱ्यातल्या ५ ने झाकला जाऊ शकतो. म्हणून कळीच्या निकषाला किमान गुण, समजा २, आधीच ठरवून ठेवणे चांगले.

अ आणि ब मधला १० गुणांचा फरक मात्र निकाल धरू नये. दोन निकषांत पाच-पाच भारांक इकडचे तिकडे करून पाहावेत. लहान आकाराला ३५ आणि वेगळेपणाला १५ दिले, तर अ ३८० आणि ब ३७५ होते, क्रम उलटतो. एवढ्याशा बदलाने उलटणारा क्रम म्हणजे बरोबरीच. इथे बरेच जण भारांकच ओढाताण करून हवा तो निकाल आणतात. तसे केले की हरलेला गट तक्ताच अमान्य करतो, आणि त्याचे बरोबर असते.

त्याऐवजी मध्यकामागचे सुटे गुण पाहावेत. ब च्या लहान आकाराला ४ मिळाले, ते ५, ५, ५, ४, २, २, २ अशा गुणांतून. म्हणजे प्रत्यक्षात ४ देणारा एकच सभासद आहे, बाकी समिती दुभंगलेली आहे. हे आवडीचे भांडण नसते. बहुधा दोन्ही गटांनी वेगवेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात: ५ गुण देणाऱ्यांनी ए-४ पानावरचा मोठा दरवाजा, २ गुण देणाऱ्यांनी फोनवरचा. अशा वेळी फक्त तेवढ्याच चौकोनासाठी पुरावा समोर ठेवावा. तिन्ही दिशांचे १२ मिलिमीटरचे शिक्के करून पावतीच्या पातळ कागदावर उमटवावेत, आणि सर्वांनी एकाच फोनवर डीपी पाहावा. दरवाज्याचे खिळे शाईने भरून एक काळा चौकोन होत असेल, तर गुण आपोआप एकत्र येतात: २, २, २, २, २, ३, ३. मध्यक २. आता ब ३१५ आणि अ ३६५. भारांक कोणत्याही बाजूला पाच सरकवले तरी अ पुढेच राहते (३५० विरुद्ध ३२५, ३८० विरुद्ध ३०५). हा निकाल टिकणारा आहे.

ब चे पाठीराखे खिळे काढून दरवाजा पुन्हा आखून मागू शकतात. मागणी रास्त आहे, पण मग अ लाही तिच्या कमकुवत रकान्यासाठी, म्हणजे वेगळेपणासाठी, तेवढीच एक सुधारणा मिळायला हवी, आणि गुण त्याच जुन्या भारांकांवर पुन्हा द्यावेत. अ चे आद्याक्षर आणि ब चा दरवाजा एकत्र करण्याची सूचना मात्र या टप्प्यावर स्वीकारू नये. ती तडजोड वाटते, पण ती चौथी दिशा असते आणि तिला एकही गुण मिळालेला नसतो.