लेप सारखा, पण तुळई वेगळी

“२० मिमी लेप दिला की कुठलीही पोलादी तुळई आगीत सारखाच वेळ टिकते ना?”

नाही. लेप फक्त उष्णता आत येण्याचा वेग ठरवतो. ती रिचवायला पोलाद किती आहे, हा प्रश्न उरतोच. पोलादात उष्णता झटकन पसरते, म्हणून पूर्ण छेदाचं तापमान एकच धरता येतं:

`dT/dt = (k/d)(A/V)(Tg − T)/(ρc)`

`T` पोलादाचं तापमान, `Tg` आगीचं, `d` लेपाची जाडी, `ρc` पोलादाची घनता गुणिले विशिष्ट उष्णता. `A/V` म्हणजे तापणारा पृष्ठभाग भागिले पोलादाचं घनफळ. लोक नेमकं हेच विसरतात.

लेपाची वाहकता `k` ०.१५ वॅट/मी·के घेऊ, म्हणजे `k/d` ७.५. पोलादाचा `ρc` सुमारे ४७ लाख. आगीचं तापमान सोयीसाठी ९०० अंशांवर स्थिर धरू. सडपातळ तुळईचा `A/V` २०० प्रति मीटर असेल, तर २० अंशांवरून ५५० गाठायला, म्हणजे पोलाद बरंच कमजोर होईपर्यंत, साधारण ४८ मिनिटं लागतात. जाडजूड तुळईचा १०० असेल, तर ९६. लेप तोच!

हे गणित लेपाची स्वतःची उष्णताधारकता सोडून देतं, त्यामुळे जड लेपासाठी उत्तर जरा कमी येतं; म्हणजे चूक सुरक्षित बाजूला. लेप निखळून पडला, तर मात्र हे सूत्रच लागू नाही.