सर्वधर्म परिषद की धर्म-अभ्यासाची परिषद? स्वागताच्या भाषणात होणारी गफलत

काही वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी मी स्वागतपर भाषण लिहून दिले होते. विषय होता वेगवेगळ्या धर्मांतील मृत्यूनंतरचे विधी. बोलावलेल्यांत प्राध्यापक होते, एक मौलाना होते, एक फादर होते, दोन कीर्तनकार होते. भाषणात मी हौसेने लिहिले, ‘येथे प्रत्येकाने आपल्या श्रद्धेबद्दल मोकळेपणाने बोलावे, आणि प्रत्येक गोष्टीची निर्भीड चिकित्सा व्हावी.’ टाळ्या पडल्या. दुपारच्या सत्रात एका तरुण अभ्यासकाने पिंडदानाच्या विधीत काळानुसार कसे बदल होत गेले यावर निबंध वाचला आणि एक कीर्तनकार उठून म्हणाले, ‘आम्हांला श्रद्धेबद्दल बोलायला बोलावले होते, श्रद्धेचा पंचनामा ऐकायला नाही.’ अभ्यासक म्हणाला, ‘सकाळी चिकित्सा करा असे सांगितले होते.’ दोघेही बरोबर होते. एकाच वाक्यात मी दोन वेगळ्या सभांचे नियम घातले होते.

या दोन सभा वरून सारख्या दिसतात. दोन्हीकडे वेगवेगळ्या धर्मांची माणसे एका मंचावर असतात, दोन्हीकडे हार-शाल आणि दीपप्रज्वलन होते. (दीपप्रज्वलन हा विधी आहे की नुसती प्रथा, हा प्रश्न अशा परिषदेत कुणी विचारला की आयोजकांची धांदल उडते.) पण नियम जवळजवळ उलटे असतात. ते कसे, हे पाहायला दोन जुन्या परिषदा हाताशी आहेत. 1893 ची शिकागोची सर्वधर्म परिषद आणि 1900 ची पॅरिसची धर्म-अभ्यासाची परिषद. दोन्हीकडे स्वामी विवेकानंद होते, म्हणून तुलना सोपी जाते.

शिकागोची परिषद 11 सप्टेंबर 1893 ला सुरू झाली आणि 27 ला संपली. दहा धर्मांच्या मानार्थ घंटेचे दहा ठोके झाले, मग स्तोत्र आणि प्रार्थना. स्वागत केले ते चार्ल्स बॉनी या वकिलाने, आणि कामाचा मोठा भार होता प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक जॉन हेन्री बॅरोज यांच्यावर. त्यांनी घातलेल्या नियमांचा गाभा असा होता : प्रत्येकाने आपल्या धर्मातले जे सर्वोत्तम वाटते ते मांडावे, दुसऱ्याच्या धर्मावर हल्ला करू नये. सोबत हेही स्पष्ट केले होते की कुणालाही आपली निष्ठा सोडायला सांगितलेले नाही. तरीही कँटरबरीचे आर्चबिशप आले नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की अशा सभेत बसणे म्हणजे इतर धर्म आपल्या बरोबरीचे आहेत हे गृहीत धरणे. त्यांना नियम नीट कळला होता, म्हणूनच ते आले नाहीत, असे मला वाटते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या भाषणातले ‘भगिनींनो आणि बंधूंनो’ आपल्याला शाळेपासून पाठ आहे, तो विवेकानंदांचा निबंध नव्हता. ते स्वागताला दिलेले उत्तर होते. हिंदू धर्मावरचा निबंध त्यांनी 19 सप्टेंबरला वाचला. म्हणजे त्या परिषदेतले सर्वांत गाजलेले भाषण हे यजमानाने मांडलेल्या चौकटीला पाहुण्याने दिलेला होकार होता.

शिकागोत नियम मोडले गेलेच, आणि ते कसे मोडले गेले हे पाहिले की नियम काय होता ते अधिक कळते. अमेरिकन मुसलमान अलेक्झांडर रसेल वेब बहुपत्नीत्वाबद्दल बोलू लागले तेव्हा श्रोत्यांतून ‘शेम’च्या आरोळ्या उठल्या. दुसरा प्रसंग पेंटेकॉस्ट नावाच्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा. त्यांनी हिंदू देवळांतल्या स्त्रियांवरून सगळ्या हिंदू धर्मावरच आरोप केला. दुसऱ्या दिवशी उत्तर दिले ते वीरचंद गांधी या जैन प्रतिनिधीने. गुजरातेतल्या महुव्याचा हा माणूस मुंबईत शिकलेला. ते म्हणाले की आपल्या धर्मावर कुणी हल्ला केलेला नाही, तरी आपण बोलणार, कारण हे आरोप सामाजिक दुर्गुणांवरचे आहेत, धर्मावरचे नव्हेत. ज्याच्यावर हल्ला झाला नाही त्याने उठून उत्तर द्यावे, हे त्या सभेच्या रीतीला धरूनच झाले. बोलणारा तिथे प्रतिनिधी असतो. त्याचा अपमान झाला की एका समाजाचा होतो, म्हणून आवर घालणे ही सर्वांचीच जबाबदारी ठरते.

आता पॅरिस. सप्टेंबर 1900 मध्ये जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने तिथे धर्मेतिहासाची आंतरराष्ट्रीय काँग्रेस भरली. अध्यक्ष होते आल्बेर रेव्हील. शिकागोसारखी सभा पॅरिसमध्ये पुन्हा भरवावी असा विचार आधी झाला होता, पण कॅथलिक मंडळींचा विरोध होता, आणि मग भरली ती इतिहासाची परिषद. तिचा नियम असा : काम ऐतिहासिक स्वरूपाचे असेल, पंथीय आणि सैद्धांतिक वाद होणार नाहीत. कुठला धर्म खरा, हा प्रश्न टेबलावर येणारच नाही. पण कुठल्या धर्माबद्दल कोण बोलू शकतो याला काही मर्यादा नाही. जर्मन पंडित शाळिग्रामाबद्दल बोलेल, हिंदू माणूस युरोपीय पूजाविधींबद्दल बोलेल.

आणि तसेच झाले. गुस्टाफ ऑपर्ट या जर्मन अभ्यासकाने शाळिग्रामशिळेच्या उगमावर निबंध वाचला. शिवलिंग आणि शाळिग्राम या दोन्हींचे मूळ त्यांनी लैंगिक प्रतीकांत शोधले. शिकागोच्या मुख्य सभागृहात हा निबंध वाचला गेला असता तर तो सरळ नियमभंग ठरला असता. पॅरिसमध्ये तो नियमात होता. विवेकानंद सभेत होते. त्यांनी ‘आमच्या भावना दुखावल्या’ असे म्हटले नाही. त्यांनी अथर्ववेदातल्या स्तंभाच्या सूक्ताकडे बोट दाखवले आणि यज्ञातला यूपस्तंभ हे शिवलिंगाचे मूळ असल्याचे सांगितले. शाळिग्रामाचे मूळ बौद्ध स्तूपांतल्या धातुगर्भात, म्हणजे अवशेष ठेवण्याच्या जागेत, दाखवले. त्यांचा तर्क आज टिकतो की नाही हा वेगळा वाद आहे. लक्षात घ्यायचे ते हे, की इतिहासाच्या दाव्याला त्यांनी इतिहासाच्याच दाव्याने उत्तर दिले. त्यांनी तिथे ‘शाळिग्राम साक्षात विष्णू आहे’ असे म्हटले असते, तर शिकागोत टाळ्या मिळवणारे तेच वाक्य पॅरिसमध्ये गैरलागू झाले असते.

गंमत म्हणजे शिकागोच्या आयोजकांनाही हा फरक ठाऊक होता. मुख्य सभेखेरीज त्यांनी एक वेगळा वैज्ञानिक विभाग ठेवला होता, मर्विन-मारी स्नेल यांच्या अध्यक्षतेखाली. दोन खोल्या आणि दोन नियम. खोली बदलली की माणसाला आपोआप कळते की आता काय बोलायचे. आपण दोन्ही एका खोलीत आणि एका कार्यक्रमपत्रिकेत बसवतो, तेव्हा ही भिंत स्वागताच्या भाषणाला शब्दांनी उभी करावी लागते.

अभ्यासकांनाही हे आपोआप साधत नाही. 1960 साली मारबुर्गला धर्मेतिहासाची जागतिक काँग्रेस भरली, यजमान होते फ्रीडरिश हाइलर. धर्मांचा अभ्यास हा धर्मांच्या एकतेकडे जाणारा रस्ता आहे, अशी त्यांची भूमिका होती. जेरुसलेमचे झ्वी वेरब्लॉव्स्की यांना ते पटले नाही. त्यांनी एक निवेदन तयार केले आणि मिर्चा एलियादे यांच्यासह अनेकांनी त्यावर सह्या केल्या. धर्म म्हणजे अतींद्रिय सत्याचा साक्षात्कार असे मान्य केल्याशिवाय धर्म समजत नाही, हे म्हणणे या शास्त्राचा पाया होऊ शकत नाही, असे त्यात होते. ऐक्याची इच्छा चांगली असेल, पण ती ठेवणे हे परिषदेचे काम नव्हे, असा त्याचा रोख.

मराठीत या दोन्ही बाजू एका माणसात पाहायच्या असतील तर विठ्ठल रामजी शिंदे आठवावेत. 1901 ते 1903 ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकले, आणि तिथून ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्मीय परिषदेत भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचायला गेले. एका ठिकाणी विद्यार्थी, दुसऱ्या ठिकाणी प्रार्थना समाजाचे प्रचारक. दोन्ही जागी बोलणारा एकच, पण कुणाच्या वतीने बोलतो आहे ते वेगळे.

त्या फसलेल्या भाषणानंतर मी असे भाषण पुन्हा लिहिले तेव्हा नियमांचा भाग असा केला :

‘या परिषदेत दोन प्रकारची सत्रे आहेत. सकाळच्या सत्रांत वक्ते आपापल्या परंपरेतून बोलतील. तिथे प्रश्न समजून घेण्यासाठी विचारायचे, “तुमच्याकडे हे कसे करतात, का करतात?” दुसऱ्याच्या परंपरेवर मत द्यायचे नाही. दुपारची सत्रे अभ्यासाची आहेत. तिथे कुणीही कुणाच्याही परंपरेबद्दल बोलू शकतो, पण पोथी, शिलालेख, क्षेत्रकार्यातली नोंद, काहीतरी समोर ठेवून. तिथे निबंधाला उत्तर पुराव्यानेच द्यायचे. “मला हे दुखावते” असे कुणाला वाटले तर ते जरूर सांगावे. सत्राध्यक्ष ते ऐकून घेतील, पण तेवढ्यावर निबंध थांबवणार नाहीत. निबंधाला वीस मिनिटे, चर्चेला दहा. धर्म खरा की खोटा, हा प्रश्न दोन्हीकडे नाही.’

शेवटचे वाक्य वाचताना संयोजक म्हणाले, ‘हे जरा कडक होते आहे.’ ठेवू द्या म्हटले. त्या एका वाक्याने सत्राध्यक्षाच्या हाती काही तरी येते. नाहीतर त्याला ‘कृपया शांतता राखा’ एवढेच म्हणता येते, आणि त्याने कोण कुठे चुकले हे ठरत नाही.

एक गोष्ट मात्र मी दुसऱ्यांदाही चुकलो होतो, आणि ती मराठीचीच चूक होती. आपल्या भाषेत ‘आम्ही’ म्हणजे ऐकणारा वगळून, आणि ‘आपण’ म्हणजे त्याला धरून. स्वागत करताना तोंडात ‘आपण’ येते, कारण ते आपुलकीचे वाटते. पण ‘आपण घरी देवाला नैवेद्य दाखवतो’ असे म्हटले की पहिल्या रांगेतले फादर, मौलाना आणि बौद्ध भिक्खू त्या वाक्यातून बाहेर पडतात, किंवा जबरदस्तीने आत ओढले जातात. तपासायला दिलेल्या कच्च्या खर्ड्यात एका विद्यार्थिनीने अशी नऊ ठिकाणे लाल पेनने खुणावली होती. सात ठिकाणी मी ‘आपण’ काढून ‘हिंदू घरांत’ किंवा ‘काही घरांत’ असे केले. दोन ठिकाणी ठेवले. एक होते ‘आपण सगळे इथे जमलो आहोत’, आणि दुसरे ‘आपण दीड वाजता जेवायला जाऊ’.