घड्याळ पडल्यावर आत काय होतं? चावीच्या घड्याळाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घड्याळ हातातून निसटून फरशीवर पडतं. उचलून कानाला लावलं तर टिकटिक ऐकू येते, काच शाबूत असते, म्हणून ते पुन्हा मनगटावर चढतं. महिन्याभराने तक्रार येते की घड्याळ मागे पडतंय किंवा रात्री उशाशी ठेवलं की थांबतंय. हा महिना वाया जाऊ नये, यासाठी हे पत्रक. आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी एचएमटी जनता आम्ही उदाहरणासाठी घेतली आहे, पण मुद्दे कोणत्याही चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाला लागू आहेत.

घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली एक चाक सतत मागेपुढे झुलत असतं. त्याला बॅलन्स म्हणतात. जनतामध्ये ते तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. हे चाक ज्या पोलादी दांड्यावर बसवलेलं असतं तो स्टाफ. स्टाफची दोन्ही टोकं निमुळती करून अगदी बारीक केलेली असतात, साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीची. या टोकांना पिव्हट म्हणतात आणि ती माणकाच्या भोकात फिरतात. पिव्हट मुद्दाम इतके बारीक ठेवतात, कारण जाडी वाढली की घर्षण वाढतं आणि चाकाचा झोका कमी होतो. त्यामुळे घड्याळाची अचूकता ज्या भागावर अवलंबून असते, तोच भाग सर्वांत नाजूक असतो.

आता पडण्याचा हिशोब पाहू. एक मीटर उंचीवरून पडलेलं घड्याळ जमिनीला टेकताना सेकंदाला सुमारे साडेचार मीटर वेगात असतं. ते एका मिलिमीटरच्या अंतरात थांबलं, तर त्या क्षणी आतल्या प्रत्येक भागावर त्याच्या वजनाच्या सुमारे हजारपट जोर येतो. बॅलन्सचं वजन एक दशांश ग्रॅम धरलं, तरी त्या दोन बारीक टोकांवर शंभर ग्रॅमचा घाव बसतो. सतरंजीवर पडलेलं घड्याळ थांबायला थोडं जास्त अंतर घेतं, म्हणून वाचतं. कडप्पा किंवा टाइल्सवर ते अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी असू शकतं.

डायलवर ‘पॅराशॉक’ किंवा ‘इन्काब्लॉक’ लिहिलेलं असेल, तर या घावासाठी आत सोय केलेली असते. माणकं पक्की बसवलेली नसतात. ती एका छोट्या स्प्रिंगखाली धरलेली असतात. धक्का बसला की माणकं किंचित सरकतात, स्टाफचा जाड भाग भोवतालच्या धातूवर टेकतो आणि जोर पिव्हटऐवजी त्या जाड भागावर जातो. मग स्प्रिंग सगळं जागेवर आणते. ही व्यवस्था खरोखर उत्तम आहे, पण तिला मर्यादा आहेत. आयएसओ १४१३ या मानकातली शॉकची चाचणी एक मीटरवरून लाकडी जमिनीवर पडण्याइतकी असते आणि त्यानंतर घड्याळाच्या चालीत दिवसाला ६० सेकंदांपर्यंतचा फरक चालतो. शिवाय जुन्या घड्याळात तेल सुकून चिकट झालेलं असेल, तर माणिक सरकतं पण नीट परत येत नाही. अशी सोय नसलेल्या जुन्या घड्याळांत तर सगळा घाव थेट पिव्हटवरच बसतो.

घाव कोणत्या दिशेने बसला त्यावर नुकसान ठरतं. आडवा बसला तर पिव्हट वाकतो किंवा तुटतो. सरळ टोकावर बसला तर टोक चेपून पसरतं. चेपलेलं टोक ओळखायला सर्वांत अवघड असतं, कारण घड्याळ चालूच राहतं. भोवऱ्याची आर बोथट झाली की तो लवकर मंदावतो, तसंच इथे होतं. गोलसर टोक माणकाला जवळजवळ एका बिंदूत टेकतं, चपटं टोक मात्र जास्त जागेवर घासतं.

घरी कसं ओळखायचं

आमच्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे घड्याळ ठेवण्याच्या स्थितीनुसार बदलणारी चाल. पूर्ण चावी देऊन, मोबाइलच्या वेळेशी जुळवून घड्याळ चोवीस तास डायल वर करून ठेवा आणि किती सेकंद फरक पडला ते लिहा. पुन्हा पूर्ण चावी द्या, दुसऱ्या दिवशी डायल खाली करून ठेवा, तिसऱ्या दिवशी उभं ठेवा. निरोगी घड्याळात पहिल्या दोन आकड्यांत फारसा फरक नसतो. तो चाळीस-पन्नास सेकंदांवर गेला, तर बॅलन्सचा एक पिव्हट किंवा त्याचं माणिक बिघडल्याची शंका घ्यावी. उभं ठेवल्यावरच थांबत असेल, तर बहुधा पिव्हट वाकलेला असतो. हलवल्यावर काही सेकंद चालून पुन्हा थांबत असेल, तर पिव्हट तुटलेला असू शकतो. पडल्यानंतर घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर मात्र दोष बहुतेक हेअरस्प्रिंगचा, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचा असतो, तिचे वेटोळे एकमेकांत अडकलेले असतात. ती दुरुस्ती वेगळी.

काचेला तडा गेला असेल, तर ही चाचणी करू नका. काचेचा चुरा आत जातो. चावी न देता घड्याळ आपोआप थांबू द्या आणि तसंच घेऊन या. माणिक फुटल्याची शंका असेल तरी हेच करा, कारण फुटलेल्या माणकाची धार पिव्हटला कापत राहते.

एका जनताची गोष्ट

नुकतीच एक जनता आमच्याकडे आली. मोरीच्या कट्ट्यावरून टाइल्सवर पडलेली. मागे पडते म्हणून दुसरीकडे तिचा रेग्युलेटर, म्हणजे चाल कमीजास्त करणारी छोटी पट्टी, सरकवून ती ‘फास्ट’ करून दिली होती. मनगटावर वेळ साधारण बरोबर दिसे, रात्री डायल वर करून ठेवली की मागे पडे. टायमिंग मशीनवर डायल खाली असताना बॅलन्सचा झोका २७० अंश, डायल वर असताना १९५. पूर्ण चावीनंतर आडव्या स्थितीत आम्ही २६० ते ३०० अंशांची अपेक्षा करतो. डायल वर असताना बॅलन्सचा भार झाकणाकडच्या पिव्हटवर येतो, म्हणजे दोष कुठे आहे ते इथेच कळलं. तरीही आधी त्या बाजूचं माणिक काढून साफ केलं आणि नवं तेल दिलं, कारण नुसत्या मळानेही झोका कमी होतो. आकडा जेमतेम २०५ झाला. मग मोठ्या भिंगाखाली पिव्हटचं टोक चपटं आणि कडेने पसरलेलं दिसलं.

रेग्युलेटर सरकवून हा दोष झाकला जातो, जात नाही. किरकोळ चेपलेलं टोक घासून पुन्हा गोल करता येतं, पण प्रत्येक वेळी पिव्हट थोडा झिजतो. वाकलेला पिव्हट सरळ करायचं काम आम्ही शक्यतो घेत नाही. कडक पोलाद सरळ करताना तुटतं, न तुटल्यास कमकुवत राहतं. या जनताला नवा स्टाफ बसवला, बॅलन्सचा तोल तपासला आणि रेग्युलेटर पुन्हा जुळवला. आता डायल वर २६८, खाली २७२, उभ्या स्थितीत २४०.

एचएमटी वॉचेस बंद करायला सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली, त्यामुळे सुटे भाग आता जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या घड्याळातून काढलेले मिळतात. नवा स्टाफ मिळाला नाही, तर आम्ही दुसऱ्या मशीनचा अख्खा बॅलन्स बसवतो, पण तुम्हाला आधी विचारून. काढलेला भाग मागितल्यास पुडीत बांधून परत देऊ.

येताना तीन दिवसांच्या आकड्यांची चिठ्ठी आणा. घड्याळ कोणत्या बाजूवर पडलं ते आठवत असेल, तर तेही तिच्यावर लिहा.