बेळगावच्या सांबरा विमानतळावर आकाश निरभ्र, मग विमान का उशिरा?

“प्रवासी कमी असले की विमान कंपन्या मुद्दाम उशीर करतात. विमान समोर उभं होतं, तरी बेळगाव-बेंगळुरू फेरी रद्द! असं का?”

नाही हो. ते विमान सकाळपासून फिरत असतं, त्यामुळे दुपारचा वादळी पाऊस दुसऱ्या शहरात पडला तरी त्याचा फटका संध्याकाळी सांबऱ्याला बसतो.

समजा, वैमानिक बेंगळुरूत सकाळी 9 ला हजर झाले. ड्यूटी तिथूनच मोजतात, उड्डाणापासून नव्हे. दोन वैमानिकांसाठी दिवसा कमाल 13 तास. पण लँडिंग वाढली की मर्यादा घटते, चार असतील तर 12. म्हणजे चौथं लँडिंग रात्री 9 च्या आत हवं. हीच चौथी फेरी बेळगावहून संध्याकाळी 6.30 ला निघाली तर 7.45 ला बेंगळुरूला पोहोचतात, काहीच अडचण नाही. तीन तास उशीर झाला तर पावणेअकरा होतात. अनपेक्षित प्रसंगी थोडी वाढ मिळते, पण तीही मोजकीच. थकलेल्या माणसाच्या हाती विमान द्यायचं नाही, हे मला अगदी योग्य वाटतं. बदली वैमानिक सहसा मोठ्या तळावरच असतात, म्हणून विमान समोर उभं असूनही फेरी रद्द होऊ शकते.

खानापूर, निपाणीहून निघण्यापूर्वी ट्रॅकिंग अ‍ॅपवर बेळगावला येणारं विमान कुठे आहे ते पाहा. ते सुटलंच नसेल, तर तुमचंही वेळेवर सुटणार नाही.