सूचनेतला ‘आणि’, सूत्रातला OR

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. कागदोपत्री नाव लांबलचक आहे: राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. परीक्षेला बसायच्या अटी मात्र साध्या वाटतात. शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी, हे धरून चालू. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावं. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांना ५ टक्क्यांची सूट.

आता वर्गाची यादी एक्सेलमध्ये आहे आणि कोण पात्र ते एका सूत्रानं काढायचंय, असं समजा. पहिला खड्डा लगेच येतो, तो म्हणजे ‘जाती आणि जमाती’ मधला ‘आणि’. वाचून सूत्र लिहिणारा माणूस सहज AND(D2="SC",D2="ST") असं लिहून मोकळा होतो. पण D2 या रकान्यात एका मुलाचा एकच प्रवर्ग असतो. तो एकाच वेळी SC आणि ST कसा असेल? ही अट कधीच खरी होत नाही. मराठीतला ‘आणि’ इथे दोन गटांना एका सवलतीखाली आणतो. एकेका मुलाकडे पाहिलं तर त्याचा अर्थ ‘किंवा’ होतो. बोलताना आपल्याला हे कळतं, सूत्राला कळत नाही. तिथे OR(D2="SC",D2="ST") हवं.

दुसरा खड्डा कंसांचा. प्रोग्राममध्ये हीच अट कुणी सलग अशी लिहिली:

```
income <= 350000 and marks >= 55 or category in ("SC", "ST") and marks >= 50
```

वाचायला ठीकच वाटते. पण बहुतेक भाषांत and आधी सुटतो आणि or नंतर. यामागे एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूलनं सुरू केलेलं बीजगणित आहे: खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०, ‘आणि’ म्हणजे गुणाकार, ‘किंवा’ म्हणजे बेरीज (फक्त १ + १ चं उत्तरही १ धरायचं). शाळेत गुणाकार आधी करतो, तसाच इथे and आधी.

एक मुलगी घेऊ. प्रवर्ग ST, सातवीत ५२ टक्के, घरचं उत्पन्न सहा लाख. उत्पन्नाची अट ०, पंचावन्नची ०, प्रवर्गाची १, पन्नासची १. वरच्या ओळीचा हिशोब ० × ० + १ × १, म्हणजे १. पात्र! उत्पन्नाची अट फक्त पहिल्या गुणाकारात अडकली, प्रवर्गाच्या बाजूला ती पोचलीच नाही. कंस घातला की चित्र बदलतं:

```
income <= 350000 and (marks >= 55 or (category in ("SC", "ST") and marks >= 50))
```

आता ० × (० + १ × १), म्हणजे ०. एक्सेलमध्ये AND आणि OR यांना स्वतःचे कंस असतात, त्यामुळे तिथे हा घोळ कमी होतो:

```
=AND(B2<=350000, OR(C2>=55, AND(OR(D2="SC",D2="ST"), C2>=50)))
```

सूत्र बरोबर आहे हे ओळखायचं कसं? खऱ्या यादीवर चालवून बघणं पुरत नाही, कारण वर्गात बहुतेक मुलं सरळसोट पात्र किंवा सरळसोट अपात्र असतात. त्याऐवजी शक्यता मोजा. उत्पन्न बसतं किंवा नाही: दोन. प्रवर्गाची सूट आहे किंवा नाही: दोन. गुण पन्नासच्या खाली, पन्नास ते पंचावन्नच्या आत, किंवा पंचावन्न आणि वर: तीन. एकूण बारा काल्पनिक मुलं. नियमाप्रमाणे यांतली तीनच पात्र आहेत: उत्पन्न बसणारी आणि सूट असलेली वरच्या दोन गुणगटांतली दोन, आणि सूट नसलेलं पंचावन्नच्या वरचं एक. कंस विसरलेली ओळ पाच जणांना पात्र ठरवते. SC आणि ST यांच्यामध्ये AND घातलेलं सूत्र दोनच जणांना घेतं. आकडा तीन आला नाही, की कुठेतरी गडबड आहे. तीन आला तरी ती तीच तीन मुलं आहेत ना, हे बघावं लागतंच.

माझ्या मते या दोन चुकांतली ‘आणि’ची चूक जास्त वाईट. कंस विसरल्यानं जादा आलेली दोन मुलं उत्पन्नाचा दाखला तपासताना पकडली जातात, कारण तो कागद कुणीतरी हातात घेऊन वाचतो. पण ५२ टक्क्यांवर राहिलेल्या अनुसूचित जातीच्या मुलाचं नाव यादीत येतच नाही, मग त्याचा कागद कोण मागणार? शिवाय त्याच प्रवर्गातली साठ टक्केवाली मुलगी पंचावन्नच्या अटीवर पात्र ठरलेली असते, त्यामुळे यादी वरवर चाळणाऱ्याला SC लिहिलेली नावं दिसतात आणि सूट लागू झाली असंच वाटतं. म्हणून यादी तपासताना मी आधी एकच ओळ शोधतो: प्रवर्ग SC किंवा ST, गुण पन्नास ते पंचावन्नच्या आत, उत्पन्न मर्यादेत. वर्गात असा कुणी नसेल, तर खोटं नाव टाकून एक ओळ वाढवतो, निकाल बघतो आणि खोडतो.