पुनर्मुद्रित आणि रूपांतरित आकृत्यांचा स्रोतनिर्देश

दुसऱ्याच्या शोधनिबंधातली आकृती किंवा तक्ता आपल्या लेखनात घेताना त्याखाली स्रोत नोंदवण्याची पद्धत. मूळ आकृती आहे तशी घेतली तर ‘पुनर्मुद्रित’ आणि तिच्यात फेरफार केला तर ‘रूपांतरित’ असे लिहितात. नुसते ‘साभार’ लिहिणे अपुरे आहे. काय घेतले आणि किती बदलले, हे त्यातून वाचकाला कळत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरची, हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे प्रसिद्ध आहेत. समजा, सांगलीतला एखादा विद्यार्थी हळदीच्या साठवणुकीवर प्रबंध लिहितो आहे आणि त्याला एका निबंधातला पेवाचा उभा छेद हवा आहे. चित्र जसेच्या तसे लावले तर ते पुनर्मुद्रित. ते लहान केले किंवा रंगीत असलेले काळे-पांढरे केले, तरी पुनर्मुद्रितच. इंग्रजी नावांच्या जागी मराठी नावे घातली आणि स्वतःच्या तापमापकांच्या जागा दाखवल्या, तर मात्र ते रूपांतरित ठरते. अशा वेळी नेमका बदल सांगावा :

आकृती ३.२ : पेवाचा उभा छेद. [लेखक, वर्ष] यांच्या आकृती ४ वरून रूपांतरित. नावे मराठीत दिली, तापमापकांच्या जागा नव्याने दाखवल्या.

त्याच निबंधातल्या तक्त्यातले तापमानाचे आकडे घेऊन त्याने स्वतःचा आलेख काढला, तर त्याखाली ‘आकडेवारी : [लेखक, वर्ष], तक्ता २’ असे लिहिणे योग्य. तिथे चित्र घेतलेले नाही, फक्त आकडे घेतले आहेत. आणि सुट्या आकड्यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो.

चित्र पुन्हा हाताने काढले की परवानगी लागत नाही, हा समज चुकीचा आहे आणि तो फार पसरलेला आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार कलाकृतीचे रूपांतर करण्याचा हक्कही हक्कधारकाचाच असतो. शोधनिबंधांच्या बाबतीत हा हक्क बहुधा लेखकाने प्रकाशकाला दिलेला असतो, म्हणून लेखकाने ईमेलवर दिलेला होकार पुरेसा नसतो. परवानगी मिळाल्यावर प्रकाशकाने सांगितलेले वाक्य आकृतीखालच्या ओळीत जसेच्या तसे घालावे लागते. निबंध सीसी बाय ४.० या, श्रेय देऊन कोणालाही वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याचा असेल तर परवानगी मागावी लागत नाही. लेखकाचे नाव, परवाना आणि केलेला बदल नोंदवणे मात्र बंधनकारक असते. सीसी बाय-एनडी परवान्याची आकृती बदलून प्रसिद्ध करताच येत नाही.

आढावा घेणाऱ्या निबंधांत सर्वाधिक फसगत होते. निबंध खुल्या परवान्याचा असला, तरी त्यातली आकृती स्वतःच दुसरीकडून परवानगीने घेतलेली असू शकते, आणि मग निबंधाचा परवाना तिला लागू होत नाही. म्हणून आकृतीखालची ओळ शेवटपर्यंत वाचावी. तिथे ‘अमुक यांच्या परवानगीने’ असे दिसले, तर परवानगीही त्या मूळ हक्कधारकाकडेच मागावी आणि ओळीत उल्लेखही त्या मूळ निबंधाचाच करावा.